परीक्षेच्या ताणावर हिंदी रॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या मुलांसोबत बसून मी रॅप लिहून घेतो. बहुतेक वेळा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, कधी परीक्षा जवळ आली की नुसतंच वाफ बाहेर पडावी म्हणून. मुलं, पालक आणि शिक्षक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून टाकतोय. सगळी उत्तरं एकाच वर्सभोवती, म्हणजे रॅपच्या 16 ओळींच्या कडव्याभोवती फिरतात, त्यामुळे तो वर्स आधी वाचा.

आधी नमुना दाखवा. 16 ओळी कशा दिसतात?

मुंबईतली एक खोली, दहावीच्या भूमितीच्या पेपरची आदली रात्र, मग परीक्षेचा हॉल, मग शाळेचं फाटक. एवढीच गोष्ट आहे.

रात के डेढ़ बजे, मेज़ पे मेरे नोट्स सजे,
बाजू में टीवी चालू, मेरे सर में ढोल बजे।
थ्योरम रटा, पन्ना फटा, पर दिमाग से हटा,
साइन-कॉस का लोचा ऐसा, भेजा बोले "टाटा"।

पप्पा बोले "टेंशन मत ले", पर खुद की नींद उड़ी,
मम्मी चाय रखके मुड़ी, नज़र घड़ी से जुड़ी।
ऊपर का लड़का, नब्बे का तड़का, मेरा दिल धड़का,
जेब में नहीं, भाई, अपुन मार्क्स में है कड़का।

हॉल में सन्नाटा, पेन में स्याही का घाटा,
पहला सवाल देखा, जैसे गाल पे पड़ा चाँटा।
साँस पकड़, अकड़ मत, छोड़ वो जो ना आता,
जो आता वो पहले, भिडू, यहीं से खुलता खाता।

दो मार्क का, चार मार्क का, चिल्लर भी कमाल है,
सप्लिमेंट माँगे बाजू वाला, अपनी-अपनी चाल है।
घंटी बजी, भीड़ सजी, सब पूछें "क्या हाल है",
वड़ापाव खाने दे पहले, परसों सायंस का बवाल है।

16 ओळीच का? आणि म्हणायला किती वेळ लागतो?

रॅपमध्ये एक ओळ म्हणजे साधारण एक बार, आणि एका बारमध्ये चार ठोके. 16 बारचा वर्स हा जुना रिवाज आहे. कुणी 12 केले, 24 केले तर कुणी अडवत नाही, पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याला 16 बरे पडतात, कारण चार-चार ओळींचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला एक काम देता येतं. वरच्या वर्समध्ये पहिला तुकडा टेबलाचा, दुसरा घरच्यांचा, तिसरा हॉलचा आणि चौथा पेपर सोडवण्यापासून फाटकापर्यंतचा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला 90 ठोक्यांचा बीट लावला तर 16 बारचे 64 ठोके साधारण 43 सेकंदांत संपतात. स्टेजवर नवख्या मुलाला 90 झेपतं. मुलं घरी 140 च्या बीटवर सराव करून येतात, कारण त्यांच्या आवडीची गाणी तशी असतात, आणि मग तिसऱ्याच ओळीला शब्द गिळायला लागतात. मी त्यांना आधी 80 वर आणतो. तिथे सगळी अक्षरं स्वच्छ ऐकू आली की मग वेग वाढवायचा.

अंतर्गत यमक म्हणजे नेमकं काय? ओळीच्या शेवटी यमक आहे की!

ओळीच्या शेवटचं यमक ऐकणाऱ्याला आधीच अपेक्षित असतं. बालवाडीच्या बडबडगीतापासून आपण तेच ऐकत आलोय. अंतर्गत यमक ओळीच्या पोटात बसतं आणि शेवट यायच्या आधीच कानाला पकडतं. "थ्योरम रटा, पन्ना फटा, पर दिमाग से हटा" या ओळीत तीन वेळा तोच आवाज येतो, आणि ओळ संपायच्या आत दोनदा येऊन गेलेला असतो.

मराठी कानाला हे परकं नाही. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा चरण आखूड, मोकळा सुटतो. तीनदा कडी लावायची आणि चौथ्यांदा दार उघडं सोडायचं, ही चाल आपल्या घरचीच आहे. "ऊपर का लड़का, नब्बे का तड़का, मेरा दिल धड़का" या ओळीत तीन कड्या आहेत. फरक एवढाच की रॅपमध्ये पुढची ओळ मोकळी सोडून चालत नाही. तिथे "कड़का" येऊन चौथी कडी लागते आणि हशा पिकतो, कारण ऐकणारा पैशांच्या कडकीची वाट पाहत असतो आणि हाती मार्कांची कडकी येते.

सगळ्या 16 ओळींत हे करू नका. मी मोजून पाचसहा ओळींतच दाट यमक ठेवतो. बाकीच्या ओळींनी गोष्ट पुढे न्यायची असते. "पहला सवाल देखा, जैसे गाल पे पड़ा चाँटा" या ओळीत "सवाल" आणि "गाल" एवढीच हलकी कडी आहे, आणि तेवढी पुरते.

एक ओळ घेऊन दाखवा ना, यमक बीटवर कसं बसतं?

"थ्योरम रटा" हीच ओळ घेऊ, कारण ती पहिल्या खर्ड्यात फसली होती. तेव्हा ती अशी होती: "थ्योरम रटा, पन्ना फटा, फिर भी दिमाग से हटा". कागदावर छान दिसते. मुलगा म्हणायला लागला की मात्र यमक ऐकूच येईना.

एका बारचे चार ठोके, प्रत्येक ठोक्यात चार घरं, अशी 16 घरं वहीवर आखा. प्रत्येक घरात एक सिलॅबल, म्हणजे तोंडातून एका दमात पडणारा तुकडा. हिंदीत "दिमाग"चे दोन तुकडे होतात, दि आणि माग. "पन्ना"चे दोन, पन् आणि ना. जुन्या ओळीत असे 15 तुकडे होते. पहिल्या घरापासून सुरुवात केली की "रटा"तला "टा" चौथ्या घरात पडत होता, म्हणजे ठोक्याच्या बरोब्बर आधी. "फटा"चा "टा" आठव्यात, तोही ठोक्याच्या आधी. ठोके मात्र पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर असतात. यमक दर वेळी उंबरठ्यावर उभं राहत होतं, आत येतच नव्हतं.

मग आम्ही पहिलं घर रिकामं सोडलं आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. लगेच "रटा"चा "टा" पाचव्या घरात, म्हणजे दुसऱ्या ठोक्यावर, आणि "फटा"चा "टा" नवव्यात, म्हणजे तिसऱ्या ठोक्यावर येऊन बसला. आता अडचण शेवटाला आली. "हटा"चा "टा" सोळाव्या घरात गेला आणि पुढच्या ओळीआधी श्वासाला जागा उरली नाही. "फिर भी" हे दोन तुकडे काढून एकच "पर" घातला. शेवटचा "टा" पंधराव्यात आला, सोळावं घर रिकामं झालं आणि तेवढ्यात श्वास घेता आला.

एक दोष अजून आहे. चौथा ठोका "से" या बिनवजनाच्या शब्दावर पडतो. मी तो तसाच ठेवला. मुलाने "से" हलका म्हणून "हटा" जोरात टाकला तर चालून जातं. पण तुमच्या कानाला खटकत असेल तर तुमचं बरोबर आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक फायदा सांगतो. "थ्योरम"च्या जागी "प्रमेय" घाला. तुकडे दोनच राहतात, घरं हलत नाहीत, आणि शब्द तुमच्या पुस्तकातला.

एका ओळीत किती शब्द मावतात?

शब्द मोजू नका, तुकडे मोजा. 90 च्या वेगाला 12 ते 15 तुकडे सुखाने बसतात. 16 झाले की श्वासाची पंचाईत होते, 9-10 झाले की ओळ लोंबकळते. तशी ओळ मुद्दाम ठेवायची असेल तर ठेवा.

हिंदी मोजताना लिहिलेली अक्षरं नव्हे, उच्चार धरा. "धड़कन" लिहिताना चार अक्षरं, बोलताना धड़-कन असे दोनच तुकडे. "टेबल"मध्येही दोनच. यात मराठी मुलं चुकत नाहीत, कारण मराठीतही आपण शेवटचा "अ" गिळतोच.

ट आणि त यांचं यमक चालतं का?

बघा, तिसऱ्या तुकड्यात "सन्नाटा, घाटा, चाँटा" झाल्यावर "आता, खाता" येतं. काटेकोर कानाला हे पूर्ण यमक नाही. स्वर तोच आहे, व्यंजन शेजारचं आहे. याला निम्मं यमक म्हणा.

इथे ते मुद्दाम केलं आहे. पहिल्या दोन ओळींत घाबरगुंडी आहे आणि "टा"चा कडक आवाज तिथे शोभतो. "साँस पकड़" पासून मुलगा सावरतो, तिथे आवाजही "ता" असा मऊ होतो. अर्थ वळतो तिथे यमक किंचित सरकलं तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण बदल जाणवतो. हेच अर्थ न वळता झालं असतं, तर ती नुसती चूक झाली असती. "हटा" आणि "टाटा" मात्र तशी जवळची जोडी आहे, फक्त आधीचा स्वर लांबला आहे. म्हणताना "टाटा" तोडून, हात हलवून म्हटलं की खपून जातं.

स्ट्रीटचे शब्द कुठून आणायचे?

जिथे राहता तिथून. मुंबईच्या रॅपला ओळख मिळाली तीच अशी. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन या रॅपरांनी आपापल्या वस्तीची बोली माइकवर आणली. मुंबईचं हिंदी व्याकरणाच्या पुस्तकातलं नाही, आणि त्यात मराठीचा वाटा मोठा आहे. "भिडू" हा आपला खेळातला गडी. "वाट लग गई" हे "वाट लागली"चं सरळ रूप. "शाणा" म्हणजे आपला शहाणा, फक्त टोमणा जास्त. "बाजू में" म्हणताना मुंबईकर "बगल में" विसरूनच गेलाय. त्यामुळे आपल्या मुलांनी हे शब्द वापरणं म्हणजे उसनवारी नाही.

या वर्समध्ये असे शब्द मोजकेच आहेत: बाजू, लोचा, भेजा, अपुन, कड़का, भिडू, चिल्लर, बवाल. 16 ओळींत आठ म्हणजे भरपूर. प्रत्येक ओळीत "अपुन" आणि "बोले तो" घातलं की वर्स रस्त्यावरचा न वाटता जुन्या सिनेमातल्या टपोरीची नक्कल वाटतो. आज 15 वर्षांचा मुलगा मित्राशी बोलताना "अपुन" किती वेळा म्हणतो, हे जरा ऐका. फार थोडा. म्हणून तो एकदाच आहे, आणि तोही विनोदाच्या ओळीत.

"बवाल" खरा उत्तरेकडचा शब्द. तो मुंबईत आता इतका रुळलाय की मी सोडून दिला. पण दिल्लीच्या गाण्यांतून उचललेला शब्द आणि मुंबईचा शब्द एकाच ओळीत आणू नका. ऐकणाऱ्याला मुलगा कुठला हेच कळत नाही. नागपूरच्या मुलाने नागपूरचं हिंदी वापरावं, औरंगाबादच्या मुलाने तिथलं दख्खनी वळणाचं. तिथली मुलं "भिडू" म्हणत नसतील तर त्यांच्या तोंडी "भिडू" खोटा वाटेल.

अश्लील काही नको, पण गुळमुळीतही नको. कसं जमवायचं?

शिवी काढणं सोपं असतं. खरी अडचण दुहेरी अर्थाच्या शब्दांची होते. या वर्सची तेरावी ओळ आधी "चिल्लर भी तो माल है" अशी होती. लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात मार्कांचीच श्रीमंती होती. तालमीत "माल" आला की मागच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसायला लागली, कारण हा शब्द मुलींबद्दल कसा वापरला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींची तोंडं मी पाहिली. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण सभागृहात हेतू ऐकू येत नाही.

"माल"ला पर्याय शोधताना चार ओळींची यमकं मोडण्याची भीती होती: चाल, हाल, बवाल. शेवटी एका मुलीने "भी तो माल"चं "भी कमाल" केलं. तुकडे तीनच राहिले, यमक जागच्या जागी, कारण "कमाल"च्या पोटात "माल" आहेच. ओळ उलट सुधारली. असा बदल करताना मी एवढंच पाहतो: शेवटचा स्वर आणि व्यंजन तेच, तुकड्यांची संख्या तीच, अर्थ त्याच दिशेचा.

दुसरी एक पळवाट मुलं काढतात. शिवी म्हणायची नाही, पण तिच्याशी यमक जुळेल अशी ओळ रचून शेवटी गप्प बसायचं. प्रेक्षक शिवी मनात पूर्ण करतात आणि टाळ्या पडतात. ही ओळ मी काढतो. शिवी दिली नाही हे खरं, पण म्हणवून घेतलीच की. शिव्यांच्या आद्याक्षरांचंही तेच.

आणि काही शब्द मुलं रोज वापरतात पण त्यांचं मूळ त्यांना ठाऊक नसतं. माझी पद्धत अशी आहे की शंकास्पद शब्दाचा अर्थ मुलाने मला मोठ्याने, पूर्ण वाक्यात सांगायचा. सांगताना तो अडखळला की शब्द आपोआप गळतो. मला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

"टेंशन-अटेंशन-पेंशन" हे यमक चांगलं आहे ना?

नाही. मी आजवर वाचलेल्या निम्म्या वह्यांत हे आहे, म्हणून नाही. 15 वर्षांच्या मुलाचा पेन्शनशी संबंध काय? यमकाने शब्द आणला आणि शब्दाने अर्थ बाहेर ढकलला, अशी ही जागा. "टेंशन" वापरायचाच तर वाक्यात वापरा. वर "पप्पा बोले टेंशन मत ले" मध्ये तो यमकासाठी आलेला नाही, घरात खरंच तसं म्हणतात म्हणून आला आहे. यमक पुढे "उड़ी, मुड़ी, घड़ी, जुड़ी" वर गेलं.

ताणाबद्दल लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मुलं "बहुत प्रेशर है" च्या पुढे जात नाहीत.

मी "प्रेशर", "स्ट्रेस", "डर" हे शब्द पहिल्या खर्ड्यात बंद करतो. मग मुलांना विचारतो: पेपरच्या आदल्या रात्री दीड वाजता तुझ्या खोलीत काय ऐकू येतं? शेजारचा टीव्ही. घरचे काय करतात? आई चहा ठेवते आणि काही न बोलता वळते, पण जाताना घड्याळाकडे बघते. वर्समधली सहावी ओळ अशीच आली. त्यात ताण हा शब्द नाही, पण आईच्या त्या बघण्याला काय म्हणायचं ते दहावीच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

हॉलमधला तपशील तर सगळ्यांनाच पाठ आहे. आपण अजून मूळ उत्तरपत्रिकेच्या मधल्या पानावर आणि शेजारचा पुरवणी मागतो. त्याचं अक्षर मोठं असेल, त्याने ओळी सोडून लिहिलं असेल, पण त्या क्षणी हे कुणाला सुचतं? "सप्लिमेंट माँगे बाजू वाला" ही ओळ आली की सभागृहात हमखास हशा येतो, आणि तो ओळखीचा हशा असतो.

शेवट उपदेशावर नेऊ नका. "मेहनत कर, सपने पूरे होंगे" अशी सोळावी ओळ मुलं आपोआप लिहितात, कारण त्यांना वाटतं शिक्षकांना ती आवडेल. इथे पोरगा वडापाव मागतो. पेपर संपल्यावर फाटकापाशी सगळे उत्तरं पडताळत असताना त्याला भूक लागली आहे, आणि पुढचा पेपर परवावर आहे. एवढ्यात सगळं येतं.

मुलगी हाच वर्स म्हणू शकते का?

हिंदीत इथे खरी गोची आहे, आणि लिहिणारे ती शेवटपर्यंत विसरतात. मराठीसारखंच हिंदी क्रियापदही "मैं" सोबत लिंग बदलतं. "मैं बैठा, मैं ऐंठा" वर यमक बांधलं की मुलगी म्हणताना "बैठी, ऐंठी" होतं आणि पुढच्या ओळीतला जोडीदार शब्द अधांतरी राहतो. भविष्यकाळात पळूनही सुटका नाही, "करूँगा" आणि "करूँगी" आहेतच.

म्हणून या वर्समध्ये "मैं" जवळपास टाळला आहे. "थ्योरम रटा" मध्ये "मैंने" गृहीत आहे, आणि "ने" आला की क्रियापद रटलेल्या गोष्टीप्रमाणे चालतं, रटणाऱ्याप्रमाणे नाही. "सवाल देखा" चं तेच. "साँस पकड़, अकड़ मत" ही आज्ञा, तिला लिंग नाही. अडकतो फक्त "कड़का". एका मुलीने सातवी-आठवी ओळ अशी बदलली:

ऊपर की लड़की, बिजली-सी कड़की, धड़कन मेरी भड़की,
जेब में नहीं, भाई, मार्क्स में चालू है कड़की।

पहिली "कड़की" विजेची, दुसरी मार्कांची. खरं सांगू? ही जोडी मूळ जोडीपेक्षा सरस आहे, फक्त पहिल्या ओळीत 16 तुकडे झाल्यामुळे श्वास सहाव्या ओळीच्या शेवटीच भरून घ्यावा लागतो.

आमच्या मुलाचं हिंदी मराठी वळणाचं आहे. लोक हसतील का?

वळण राहू दे. मुंबईच्या हिंदीला ते शोभतं. फक्त दोन आवाज तपासा, कारण ते यमकापर्यंत पोचतात. एक, "चाल". मराठीत आपण तो च दातांजवळ म्हणतो, हिंदीत तो "चहा"तल्यासारखा टाळूचा. "अपनी-अपनी चाल है" मध्ये दातांचा च आला की तो ऐकणाऱ्याला खटकतो. दोन, "है" आणि "ऐसा". मराठी मूल "हइ", "अइसा" म्हणतं. हिंदीत तो एकच रुंद स्वर आहे, "बॅट"मधल्या स्वराच्या जवळचा. शेवटच्या चारही ओळी "है"कडे जातात, त्यामुळे हे एक जमलं की चार ओळी सुधारतात.

श्वास कुठे घ्यायचा? शेवटी आवाज बसतो.

वहीत पेन्सिलने खूण करा. दर दोन ओळींनंतर छोटा, चार ओळींनंतर पूर्ण. तालमीत फसतं ते असं: मूल पहिल्या ओळीआधी छातीभर हवा भरतं, खांदे वर जातात, आणि चौथ्या ओळीला हवा शिल्लक असूनही गळा आवळतो. खांदे न हलवता पोटाने थोडा श्वास घ्यायला सांगा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ओळीचा शेवटचा तुकडा ऐकू येत नसेल, "कमाल है" चं "कमाल ह..." होत असेल, तर दोष आवाजाचा नाही. त्या ओळीत एक तुकडा जास्त आहे. काढा.

बीट कुठून आणायचा?

बेंच. तळव्याने जड ठोका, बोटांच्या पेरांनी हलका. वर्गात एक तरी तबला शिकणारा असतोच, त्याला 90 चा साधा चारचा ताल धरायला सांगा. इंटरनेटवरचे "फ्री" बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी आणि बनवणाऱ्याचं नाव देण्याच्या अटीवर फुकट असतात. बीटखाली लिहिलेलं वाचा, विशेषतः व्हिडिओ टाकणार असाल तर.

शाळेचं, सरांचं, शेजाऱ्याच्या मुलाचं नाव घालू का?

नको. "ऊपर का लड़का" पुरतो. खरं नाव घातलं की त्या मुलाला वर्षभर ऐकावं लागतं, आणि नव्वद टक्के मिळवणाऱ्याच्या पोटातही त्या रात्री गोळा असतोच.

एखाद्या मुलाने फार काळोखं लिहिलं तर?

याला मी यमकाचा प्रश्न मानत नाही. "सब खतम", "मैं ही ना रहूँ" अशा ओळी आल्या तर वही बाजूला ठेवतो आणि मुलाशी एकट्याने बोलतो. हे तू गाण्यासाठी लिहिलंस की तुला खरंच असं वाटतंय, असं सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "वाटतंय" असं आलं, किंवा आलंच नाही, तर त्याला एकटं न सोडता घरच्यांना आणि शाळेच्या समुपदेशकांना त्याच दिवशी सांगतो. केंद्र सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि गाण्यातच तो सूर ठेवायचा असेल, तर जिवाचं काही बरंवाईट करण्याची पद्धत, जागा, वस्तू यातलं काहीही ओळीत येऊ देत नाही. "नींद उड़ी", "दिल धड़का", "गाल पे चाँटा" इथपर्यंत शरीर आणता येतं. समोर 13 ते 16 वर्षांची तीनशे मुलं बसलेली असतात आणि त्यातल्या कुणाची रात्र कशी गेली ते आपल्याला माहीत नसतं.

लिहायला किती दिवस लागतात?

पहिला खर्डा एका दुपारी होतो. वरचा वर्स त्यानंतर तीन आठवडे दुरुस्त होत होता, त्यातले चार दिवस "माल" आणि "कमाल" वर गेले. प्रिलिमच्या आधी सुरू करा. नंतर मुलांना खरंच वेळ नसतो.